फळ्याच्या कोपऱ्यातली नावं: शाळेच्या व्यवस्थापनाला खुले पत्र

मा. अध्यक्ष, व्यवस्थापन समिती,
मा. मुख्याध्यापक,
आणि सर्व वर्गशिक्षक,

सप्रेम नमस्कार.

पुढच्या सत्रापासून पहिली ते सातवीच्या सर्व वर्गांत गुणफलक लावण्याची योजना आपण ठरवली आहे. तिचं परिपत्रक मागच्या आठवड्यात पालकांच्या हाती आलं. त्यावर आमची फक्त सही मागितली आहे, मत विचारलेलं नाही. माझं मत मला दडपून ठेवता येत नाही आणि ते इतर पालकांनी आणि शिक्षकांनीही वाचावं असं वाटतं, म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे.

माझी दोन्ही मुलं याच शाळेत शिकतात, मुलगी चौथीत आणि मुलगा सहावीत. शिवाय शिक्षक-प्रशिक्षण हे माझं काम आहे. इतरांच्या वर्गात मागच्या बाकावर बसायचं, तास पाहायचा, शिक्षक काय बोलतात आणि मुलं प्रत्यक्षात काय करतात याची टिपणं काढायची, हे मी वर्षानुवर्षं करते आहे. त्यामुळे परिपत्रक वाचताना माझ्या डोळ्यांसमोर वर्ग उभा राहिला आणि त्या वर्गात मुलं काय शिकतील हेही दिसू लागलं. परिपत्रकात ते कुठेही लिहिलेलं नाही. आपल्या मनातही ते नसणार, याची मला खात्री आहे.

सर्वांना संदर्भ लागावा म्हणून योजना थोडक्यात सांगते. प्रत्येक मूल सोमवारी १० गुणांनी आठवडा सुरू करेल. शिक्षक वर्गात नसताना मॉनिटर बोलणाऱ्यांची नावं फळ्याच्या कोपऱ्यात लिहील. नाव लागलं की एक गुण कमी, आणि नावापुढे पडणाऱ्या प्रत्येक फुलीला आणखी एक कमी. प्रश्नाला सर्वांत आधी हात वर करून बरोबर उत्तर देणाऱ्याला दोन गुण. पूर्ण शांत राहिलेल्या रांगेतल्या प्रत्येकाला एक गुण. वाचून झालेल्या प्रत्येक पुस्तकामागे एक चांदणी. शुक्रवारी सर्वांचे गुण नावासह वर्गाबाहेर लागतील आणि तळाच्या पाच मुलांना त्या दिवशीचा खेळाचा तास मिळणार नाही.

शांतता, तत्परता आणि वाचनाची गोडी हे हेतू परिपत्रकात दिले आहेत. हेतूंशी माझं भांडण नाही. पण मुलांच्या वाट्याला हेतू येत नाही, रोजचा रिवाज येतो. कोणत्या कृतीनंतर काय घडतं हे मूल पाहतं आणि त्यावरून शाळेत कशाला किंमत आहे ते ठरवतं.

फिलिप जॅक्सन या अमेरिकन अभ्यासकाने प्राथमिक वर्गांत दीर्घकाळ बसून निरीक्षणं केली आणि १९६८ साली ती मांडली. भाषा आणि गणित शिकण्याच्या बरोबरीने मुलाला शाळेत आणखी तीन गोष्टींशी जुळवून घ्यावं लागतं, असं त्यांनी दाखवलं: गर्दीत राहणं, सतत कुणीतरी आपलं मोल ठरवत असणं, आणि आपल्यापेक्षा बलवानाच्या हुकमतीखाली असणं. थांबायचं कसं, मन मारायचं कसं, हातातलं काम अर्धवट सोडायचं कसं, हे मुलं रोज शिकतात. त्याचं पाठ्यपुस्तक नसतं आणि वेळापत्रकात त्याचा तास नसतो. याला त्यांनी छुपा अभ्यासक्रम म्हटलं. तो कुणी आखलेला नसतो, म्हणून त्याची तपासणीही कुणी करत नाही.

हा अभ्यासक्रम मुळातच वाईट असतो, असं मी म्हणत नाही. त्याच वर्षी रॉबर्ट ड्रीबेन यांनी त्याची दुसरी बाजू मांडली. घरात मूल ‘आपलं’ असतं, त्याला नियमातून सूट मिळते. शाळेत पहिल्यांदा त्याला कळतं की नियम सर्वांना सारखा आहे, आपलं काम आपल्याला स्वतः करायचं आहे, आणि बाईंचं आपल्याशी नातं विद्यार्थी म्हणून आहे. हे शिकायलाच हवं, आणि रांगेत उभं राहणं किंवा आपली पाळी येईपर्यंत थांबणं यांसारख्या साध्या सवयींतूनच ते शिकलं जातं. म्हणूनच एखादा नवा रिवाज सर्व वर्गांत लागू करण्याआधी तो काय शिकवणार आहे ते पाहणं शाळेचं काम आहे. या योजनेच्या बाबतीत ते झालेलं नाही.

माझी सर्वांत मोठी तक्रार फळ्यावरच्या नावांबद्दल आहे. एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. तो कल्पित आहे, पण त्यातला एकही तुकडा असा नाही, जो मी कुठल्या ना कुठल्या वर्गात पाहिलेला नाही.

चौथीचा गणिताचा तास. बाईंनी फळ्यावर ४०२ वजा १५७ हे गणित लिहिलं आणि त्यांना कार्यालयातून बोलावणं आलं. मॉनिटर खडू घेऊन उभी राहिली. तिसऱ्या बाकावरची मुलगी एककाच्या घरात अडली आहे. दोनातून सात जात नाहीत हे तिला कळतं, हातचा घ्यायला ती दशकाकडे वळते, तर तिथे शून्य. हे हातच्याच्या वजाबाकीतलं नेहमीचं अडण्याचं ठिकाण आहे, आणि शिक्षकांना ते माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. ती शेजारणीला हळूच विचारते. शेजारीण सांगते, ‘‘शून्याकडे काही नाहीये ना, मग आधी शतकाकडून घे. चारशेतले शंभर मोड, त्याचे दहा दशक होतील. त्यातला एक इकडे दे.’’ वर्गात त्या दहा मिनिटांत झालेलं सर्वांत चांगलं शिकवणं हेच.

मॉनिटर दोघींची नावं लिहिते. पहिली म्हणते, ‘‘अगं, मी गणित विचारत होते.’’ उलट बोलल्याबद्दल तिच्या नावापुढे फुली पडते. मॉनिटरची जवळची मैत्रीण मागे कुणाशी तरी बोलते आहे, तिचं नाव लागत नाही. शेवटच्या बाकावरचा मुलगा खिडकीबाहेर बघत बसला आहे. त्याने गणित वहीत उतरवूनही घेतलेलं नाही, पण तो बोलत नाही. त्याच्या रांगेत कुणीच बोललेलं नाही.

बाई परत येतात. आता हिशेब करू. विचारणाऱ्या मुलीचे दोन गुण गेले, १० चे ८ झाले. समजावून सांगणारीचा एक गेला, ९ उरले. खिडकीबाहेर बघणाऱ्याला शांत रांगेचा एक मिळाला, ११ झाले. उत्तर २४५ येतं, हे त्या दोघींना कळलं आणि त्याला कळलं नाही. पण शुक्रवारी वर्गाबाहेरच्या कागदावर तो त्यांच्या वर असेल.

या हिशेबातून साऱ्या वर्गाने काय घेतलं? अडलं तर विचारू नये. कुणाला अडलं तर सांगू नये. आपल्यावर अन्याय झाला असं वाटलं तर खुलासा करू नये, त्याने शिक्षा वाढते. काही न करता गप्प बसणं सर्वांत सुरक्षित. समजावून सांगणारी मुलगी पुढच्या वेळी वही हाताने झाकून घेईल आणि ती स्वार्थी झाली असं आपण म्हणू. मॉनिटरचा धडा तर आणखी कडू आहे. आपण लिहू ते खरं ठरतं, कुणाचं लिहायचं ते आपल्या मर्जीवर असतं, आणि त्याचा जाब कुणी विचारत नाही, हे ती नऊ वर्षांची मुलगी शिकते. तिच्या वयाच्या मुलीला ही सत्ता देणं तिच्यावरही अन्याय आहे. मधल्या सुट्टीत तिच्याशी कोण कसं वागतं ते कधीतरी लांबून पाहा. कुणी तिला खूश ठेवतं, कुणी तिला टाळतं, आणि तिने खरोखर प्रामाणिकपणे नावं लिहिली तर ती एकटी पडते.

हे सगळं केवळ माझं मत वाटत असेल, तर पडताळून पाहण्याच्या दोन सोप्या रीती सांगते. पहिली: मुलांना सहज विचारा, ‘‘नाव कशाने लागतं?’’ उत्तर येईल, ‘‘बोलल्यावर.’’ ‘दुसऱ्याला त्रास दिल्यावर’ असं उत्तर फार कमी मुलं देतील. याचा अर्थ, नियमामागचं कारण त्यांच्यापर्यंत पोचलेलंच नाही. दुसरी: ज्या वर्गांत ही पद्धत आजही आपापल्या पातळीवर चालते, तिथल्या फळ्याच्या कोपऱ्यातली नावं दोन आठवडे रोज उतरवून ठेवा. शिक्षेने सुधारणा होत असेल तर नावं बदलत जातील. तीच चार-पाच नावं पुन्हा पुन्हा येत असतील, तर फळा कुणाला सुधारत नाही. त्या मुलांची वर्गातली ओळख तेवढी तो पक्की करतो आहे. तीच मुलं शुक्रवारी तळाच्या पाचांत असतील आणि खेळाचा तासही त्यांचाच जाईल. ज्यांना शरीर हलवण्याची, धावण्याची सर्वांत जास्त गरज आहे, त्यांचंच धावणं काढून घेतलं तर सोमवारी ती अधिक चुळबुळी होऊन परत येतील, एवढं तर कुठल्याही पालकाला कळतं.

दुसरी तक्रार ‘सर्वांत आधी हात’ या दोन गुणांबद्दल. वरवर निरुपद्रवी दिसणारी ही तरतूद शिकण्याच्या मुळाशीच जाते, म्हणून तिच्याबद्दल थोडं विस्ताराने लिहिते.

मेरी बड रो या विज्ञान-शिक्षणाच्या अभ्यासिकेने १९७० च्या दशकात शाळांतल्या तासांची ध्वनिमुद्रणं ऐकून एक साधी गोष्ट मोजली. शिक्षक प्रश्न विचारल्यावर उत्तरासाठी किती वेळ थांबतात? सरासरी उत्तर निघालं, सुमारे एक सेकंद. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर ते प्रश्न पुन्हा विचारतात, दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतः सांगून टाकतात. मूल बोलून थांबल्यानंतरही तेच. सेकंदभरात शिक्षकांची प्रतिक्रिया येते, आणि मुलाच्या मनात वाक्याचा पुढचा भाग तयार होत असेल तर तो तिथेच राहतो.

रो यांनी शिक्षकांना दोन्ही ठिकाणी तीन सेकंद किंवा थोडं जास्त थांबायला शिकवलं. बाकी काही बदललं नाही. मुलं जास्त लांब उत्तरं देऊ लागली, ‘माहीत नाही’ म्हणणं आणि नुसतं गप्प राहणं कमी झालं, मुलं आपणहून बोलू लागली, स्वतः जास्त प्रश्न विचारू लागली आणि एकमेकांच्या बोलण्याला उत्तरं देऊ लागली. शिक्षक ज्यांना कच्चे समजत होते, त्यांच्यातली मुलंही बोलू लागली.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. शिक्षकांना वर्गातली सर्वांत हुशार पाच आणि सर्वांत कच्ची पाच मुलं कोणती ते विचारलं आणि प्रत्येकासाठी ते किती थांबतात हे मोजलं. हुशार समजल्या गेलेल्या मुलांना जवळजवळ दोन सेकंद मिळत होते. कच्च्या समजल्या गेलेल्यांना एक सेकंदही पूर्ण मिळत नव्हता. विचार करायला ज्यांना जास्त वेळ हवा, त्यांनाच कमी मिळत होता. शिक्षक हे ठरवून करत नव्हते, बहुतेकांना आपण असं करतो याचा पत्ताही नव्हता. किंबहुना त्यामागे दयाच असेल. मूल अडखळलं की त्याची शोभा होऊ नये म्हणून आपण चटकन दुसरीकडे वळतो. पण मुलाला त्यातून एवढंच कळतं की आपल्याकडून उत्तराची अपेक्षा नाही. छुपा अभ्यासक्रम असाच चालतो, चांगल्या माणसांच्या हातून, त्यांच्या नकळत.

आपली योजना हा नकळत होणारा पक्षपात नियम म्हणून लिहून काढते आहे. पहिल्या हाताला गुण ठेवले की शिक्षकांनी थांबायचं ठरवलं तरी थांबता येणार नाही, कारण पहिला हात अर्ध्या सेकंदात वर जाईल आणि त्यानंतर इतरांनी विचार करण्यात अर्थ उरणार नाही. ‘बर्फ पाण्यावर का तरंगतो?’ या प्रश्नाला वेगात येणारं उत्तर असतं, ‘कारण तो हलका असतो.’ पाठ केलेलं, वेगवान, आणि अर्धवट. एक किलो बर्फ आणि एक किलो पाणी यांत हलकं कोण, असं विचारलं की ते कोसळतं. ‘पाणी गोठल्यावर जागा जास्त घेतं का?’ असा प्रश्न ज्या मुलाच्या मनात तयार होत असतो त्याला चार-पाच सेकंद लागतात, आणि तोवर दोन गुण वाटून झालेले असतात. वर्गाला समजतं ते हे, की चटकन बोलणारा हुशार आणि थांबून विचार करणारा मंद. आपल्या सातवीत विज्ञानाच्या तासाला तीच पाच-सात मुलं का बोलतात, असं शिक्षकसभेत विचारलं जातं, असं ऐकून आहे. त्याचं एक उत्तर इथे आहे.

इथे एक मर्यादा सांगितली पाहिजे. पाढ्यांच्या उजळणीत सात आठे किती असं विचारून तीन सेकंद थांबायची गरज नाही, तिथे वेगाचंच काम असतं. थांबणं हवं ते ‘का’, ‘कसं’ आणि ‘तुला काय वाटतं’ या प्रश्नांना. त्याला वेळ तरी किती लागतो? चाळीस मिनिटांच्या तासात विचाराचे वीस प्रश्न आले आणि प्रत्येक प्रश्नानंतर दोन सेकंद, उत्तरानंतर दोन सेकंद जास्त थांबलं, तर एकूण ८० सेकंद होतात. अभ्यासक्रम पूर्ण होणार नाही ही भीती ८० सेकंदांपुढे टिकत नाही.

चांदण्यांबद्दल थोडक्यात, कारण त्यामागची इच्छा मला कळते आणि पुस्तकांवर शाळेचं प्रेम आहे हेही मी पाहिलं आहे. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तीन मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या, आधीपासूनच चित्रं काढायला आवडणाऱ्या मुलांवर एक प्रयोग केला. काही मुलांना सांगितलं, चित्र काढलंत तर सोनेरी चांदणी आणि फीत लावलेलं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना तेच प्रशस्तिपत्र न सांगता नंतर दिलं. काहींना काहीच दिलं नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात कोण आपणहून चित्रं काढतं ते लपून पाहिलं. ज्यांना आधी बक्षीस कबूल केलं होतं, त्यांनी इतरांच्या तुलनेत सुमारे निम्माच वेळ चित्रांना दिला. अचानक बक्षीस मिळालेल्यांची आवड मात्र टिकून होती.

ज्याला एखाद्या गोष्टीची मुळीच ओढ नाही त्याला सुरुवात करून द्यायला बक्षीस उपयोगी पडू शकतं. प्रश्न आहे तो ज्यांना आजच वाचायला आवडतं त्यांचा. माझी मुलगी सध्या एक जाडजूड पुस्तक वाचते आहे, रोज दोन-चार पानं, मध्येच मागे जाऊन आवडलेला भाग पुन्हा. आपल्या योजनेत तिला सत्राच्या शेवटी एक चांदणी मिळेल. सोळा पानांची पुस्तकं पटापट संपवणाऱ्याला वीस मिळतील. ती ते पुस्तक मिटून पातळ पुस्तकाकडे वळली तर मी तिला काय म्हणू? शाळेनेच तिला सांगितलं आहे की पुस्तक संपवायचं असतं. ग्रंथालयाची नोंदवही शाळेकडे आहेच. योजना सुरू केलीत तर आधीच्या आणि नंतरच्या दोन महिन्यांत कोणत्या जाडीची पुस्तकं घरी गेली ते ताडून पाहा, आणि चांदण्या नसलेल्या सुट्टीत किती गेली तेही.

आता आपल्या बाजूने येणारं म्हणणं. एका वर्गात चाळीस मुलं आणि एक शिक्षक, त्यांना मध्येच कार्यालयात बोलावलं जातं, मागे गोंधळ होतो, शेजारच्या वर्गाला त्रास होतो. हे सगळं खरं आहे, आणि त्यात शिक्षकांचा दोष नाही. काही पालक म्हणतील, आम्हीही ‘हाताची घडी, तोंडावर बोट’ करत मोठे झालो, आमचं काय बिघडलं? मी त्यांना विचारेन की तुमच्या वर्गातली ज्यांची नावं रोज फळ्यावर असायची ती मुलं आठवा. त्यांच्यापैकी किती जणांनी शेवटपर्यंत शाळा आपली मानली? बिघडलं नाही असं म्हणणारे आपण बहुधा फळ्याच्या या बाजूचे असतो.

शिक्षक बाहेर असताना वर्ग शांत ठेवण्याचा एक वेगळा मार्ग मी काही वर्गांत चाललेला पाहिला आहे. बाहेर जाताना शिक्षक फळ्यावर काम लिहून जातात आणि सांगून जातात की कुजबुजत मदत मागायला परवानगी आहे, आवाज शेजारच्या बाकापलीकडे जाऊ नये. मॉनिटरच्या जागी दर आठवड्याला बदलणारा मदतनीस असतो. फळ्याच्या त्याच कोपऱ्यात तो मुलांची नावं लिहीत नाही, अडलेल्या जागा लिहितो. ‘शून्यातून हातचा कसा घ्यायचा?’ शेजारीण सांगू शकली तर तो प्रश्न पुसतो, नाही तर बाईंसाठी ठेवतो. बाई परत आल्या की पुढची पाच मिनिटं काय शिकवायचं ते फळ्यावर तयार असतं. हे पहिल्या दिवशी जमत नाही. पहिल्या आठवड्यात गलका होतो, कुजबूज म्हणजे किती आवाज हे मुलांसोबत प्रत्यक्ष बोलून ठरवावं लागतं, आणि काही मुलं तरीही दंगा करतात. त्या मुलांशी शिक्षकांना वेगळं, एकट्यात बोलावं लागतं. ते काम कुठलाही फलक त्यांच्याऐवजी करणार नाही.

आमच्या मागण्या अशा आहेत. आमच्या म्हणते, कारण या पत्राशी सहमत असलेले इतर पालकही सोबत सही करत आहेत.

गुणफलक योजना पुढच्या सत्रापासून लागू करू नये. मुलांची नावं, गुण आणि क्रम वर्गात किंवा वर्गाबाहेर जाहीर लावू नयेत. मुलांच्या वागण्याबद्दल जे सांगायचं ते मुलाला आणि गरज पडल्यास त्याच्या पालकांना सांगावं.

कोणत्याही मुलाला इतर मुलांची नावं शिक्षेसाठी लिहिण्याचं काम देऊ नये, आजही ज्या वर्गांत ते दिलं जातं तिथेही नाही. मॉनिटरची कामं मदतीची असावीत आणि ती दर आठवड्याला पाळीपाळीने सर्वांना मिळावीत, ज्यांची नावं आजवर फळ्यावर लागत आली त्यांनाही.

खेळाचा तास शिक्षा म्हणून कधीही काढून घेऊ नये. वाचनाला चांदण्या देऊ नयेत. त्याऐवजी आठवड्यातला एक तास असा ठेवावा, ज्यात मूल हवं ते पुस्तक वाचेल, अर्धवट सोडेल, बदलेल, आणि त्याची नोंद कुणी मागणार नाही.

पहिल्या हाताचे गुण काढून टाकावेत. विचाराच्या प्रश्नांसाठी शिक्षकांनी आधी प्रश्न विचारावा, तीन सेकंद थांबावं आणि मग कुणाला तरी नावाने विचारावं. नाव प्रश्नाच्या नंतर घ्यावं, कारण आधी घेतलं तर उरलेली एकोणचाळीस मुलं त्या क्षणी सुटतात.

शेवटची मागणी सर्वांत महत्त्वाची मानते. प्रत्येक सत्रात एकदा प्रत्येक वर्गाचा एक तास दुसऱ्या शिक्षकाने मागे बसून पाहावा. हातात फक्त वर्गातल्या बाकांचा आराखडा असावा. कुणाला प्रश्न विचारला गेला तर त्या जागी एक रेघ, मूल बोलण्याआधीच त्याला तोडलं गेलं तर एक टिंब, मुलाने स्वतः प्रश्न विचारला तर एक गोल. इतकंच. तास संपल्यावर तो कागद ज्यांचा तास होता त्या शिक्षकांना द्यावा. व्यवस्थापनाकडे तो जाऊ नये आणि मूल्यांकनाशी त्याचा संबंध नसावा. अन्यथा शिक्षकांसाठीही आपण तोच फलक तयार करू, जो मुलांसाठी नको म्हणतो आहोत. मागच्या कोपऱ्यातल्या दोन रांगा पूर्ण कोऱ्या राहिलेल्या दिसल्या की बहुतेक शिक्षक दुसऱ्याच दिवशी वर्गातली आपली उभं राहण्याची जागा बदलतात. हे मी पाहिलं आहे.

परिपत्रकावर मी सही केलेली नाही. पुढच्या पालकसभेच्या आधी या मागण्यांना लेखी उत्तर मिळावं आणि सभेत या विषयावर पालक आणि शिक्षक दोघांना बोलायला वेळ ठेवावा, ही विनंती. बाकांच्या आराखड्याची पद्धत शिक्षकांना दाखवायला, आणि त्यांची इच्छा असेल त्या वर्गात मागे बसायला, मी शाळेच्या सोयीने कोणत्याही दिवशी विनामूल्य येईन.

आपली,
चौथी आणि सहावीतल्या मुलांची आई